चढले किती, उतरले किती: डिफरन्स ॲरेबद्दल वाचकांचे प्रश्न

एक लाख घरांचा ॲरे आहे आणि एक लाख अपडेट, प्रत्येकात l ते r पर्यंत k मिळवायचा. माझा कोड बरोबर आहे, पण वेळेत संपत नाही. फक्त दोन टोकांना खूण करून काम कसं भागतं?

तुमचा आतला लूप प्रत्येक अपडेटला l पासून r पर्यंत चालत जातो. वाईटात वाईट स्थितीत ती एक हजार कोटी बेरजा होतात. त्या टाळायच्या तर प्रत्येक घराची किंमत लिहून ठेवणं सोडा आणि आधीच्या घरापेक्षा ती कितीने बदलली एवढंच लिहा. हाच डिफरन्स ॲरे, खाली त्याला `d` म्हटलंय.

दादर, कल्याण, कर्जत, लोणावळा, पुणे अशी गाडी धरा. स्टेशनांना ० ते ४ क्रमांक. दादरहून लोणावळ्याला ३० जण, कल्याणहून पुण्याला २० आणि लोणावळ्याहून पुण्याला १५. प्रत्येक टप्प्यात डब्यात किती माणसं होती हे शोधायला दर टप्प्याला डोकी मोजायची गरज नाही. जिथे चढले तिथे अधिक, जिथे उतरले तिथे उणे:

```
d     = 30  20   0  -15  -35
बेरीज = 30  50  50   35    0
```

लोणावळ्याला ३० उतरले, १५ चढले, म्हणून -15. आता डावीकडून एकदाच बेरीज करत जा. दादर-कल्याण ३०, कल्याण-कर्जत ५०, कर्जत-लोणावळा ५०, लोणावळा-पुणे ३५ आणि पुण्यात गाडी रिकामी. कर्जतला काहीच घडलं नाही, तरी ५० आपोआप पुढे आले. लांबलचक रेंज फुकटात भरली जाते ती अशी. अपडेट कितीही रुंद असो, दोनच बदल; सगळं मिळून दोन लाख बदल आणि शेवटी एक लाख बेरजा.

काही ठिकाणी वजाबाकी `d[r]` वर दिसते, काही ठिकाणी `d[r+1]` वर. नेमकं कुठे करायची?

प्रश्नपत्रिकेत r स्वतः रेंजमध्ये धरलाय का, ते आधी बघा. गाडीत लोणावळ्याला उतरणारा माणूस लोणावळ्याच्या पुढच्या टप्प्यात नसतो, म्हणून वजाबाकी `d[r]` वरच. ‘l ते r, दोन्ही धरून’ असं असेल तर r वर k हवाच, तो थांबतो पुढच्या घरात, म्हणून `d[r+1]`. अशा वेळी r शेवटचं घर असू शकतं, म्हणून d ला एक घर जास्त द्या:

```cpp
vector<long long> d(n + 1, 0);
while (q--) {
    int l, r; long long k;
    cin >> l >> r >> k;   // 0 <= l <= r < n
    d[l] += k;
    d[r + 1] -= k;
}
long long run = 0;
for (int i = 0; i < n; i++) {
    run += d[i];
    a[i] += run;
}
```

`a` मध्ये मुळात किमती असतील तर त्या तशाच राहू द्या. वरची शेवटची ओळ त्यांत वाढ मिळवते.

चूक पकडायची माझी आवडती चाचणी म्हणजे l आणि r एकच असलेला एक अपडेट. `d[r]` वर वजाबाकी केलीत तर अधिक आणि उणे एकाच घरात पडून k गायब होतो. संपूर्ण d ची बेरीज शून्य येते का, हेही पाहावं. वजाबाकी राहून गेली असेल तर ते लगेच कळतं. पण r आणि r+1 ची गल्लत या बेरजेत दिसत नाही, कारण घर चुकलं तरी रक्कम तीच असते. आणि d ला जास्तीचं घर दिलं नाहीत तर C++ बहुतेकदा तक्रारही करत नाही, शेजारची मेमरी बिघडवतो. Java निदान तिथल्या तिथे एक्सेप्शन देतो.

छोट्या टेस्ट केस पास होतात, मोठ्या केसमध्ये उत्तर ऋण येतं. k तर कधीच ऋण नाही.

`int` भरून वाहतोय. त्यात २१४ कोटींच्या आसपासच मावतं. k १०० कोटींपर्यंत असेल आणि एक लाख अपडेट एकाच घरावर पडले, तर किंमत एकावर चौदा शून्ये एवढी होते. `d`, `run` आणि `a` तिन्ही `long long` ठेवा. नुसता `run` बदलून भागत नाही, कारण सगळ्या रेंज एकाच l पासून सुरू झाल्या तर `d[l]` स्वतःच तेवढा वाढतो.

अपडेट चालू असताना मध्येच ‘आत्ता १२व्या घरात किती?’ असं विचारलं तर?

तिथे ही पद्धत अडते. एका घराची किंमत काढायला सुरुवातीपासून बेरीज करावी लागते आणि प्रत्येक प्रश्नाला ती केलीत तर पुन्हा पहिल्या कोडसारखीच गत. मात्र d टाकून देऊ नका. तोच d फेनविक ट्रीमध्ये ठेवा, म्हणजे एका जागचा बदल आणि सुरुवातीपासूनची बेरीज दोन्ही झटपट करणाऱ्या रचनेत. अपडेट म्हणजे l आणि r+1 या दोन जागी बदल आणि प्रश्न म्हणजे १२पर्यंतची बेरीज. एक लाख घरांसाठी प्रत्येकाला साधारण १७ पायऱ्या पुरतात. सगळे प्रश्न सगळ्या अपडेटनंतरच येणार असतील, तर मात्र ट्री बांधू नका. साधा ॲरे लिहायला सोपा आणि पळतोही जास्त.