रेक रिसीव्हर: उशिरा आलेल्या प्रतींचं करायचं काय?

प्रश्न: 3जी मोबाइलच्या डब्ल्यूसीडीएमए तंत्रात इमारतींवरून आपटून उशिरा येणारे सिग्नल मूळ सिग्नलला बिघडवायला हवेत ना? मग रेक रिसीव्हर त्यांची बेरीज करून फायदा कसा काय मिळवतो?

बिघडवतातच, पण प्रती वेगवेगळ्या ओळखता येत नाहीत तोपर्यंतच. डब्ल्यूसीडीएमए प्रत्येक सिम्बॉल एका कोडने गुणून चिप नावाच्या बारीक तुकड्यांत पाठवतं, सेकंदाला 38 लाख 40 हजार चिप. म्हणजे एक चिप 0.26 मायक्रोसेकंदाची, आणि तेवढ्या वेळात रेडिओलहर साधारण 78 मीटर जाते. दोन वाटांच्या लांबीत याहून जास्त फरक असेल, तर रिसीव्हरला त्या दोन स्वतंत्र प्रती म्हणून दिसतात.

समजा, थेट वाट आहे, दुसरी समोरच्या इमारतीवरून 312 मीटर जास्त फिरून येते आणि तिसरी सुमारे 860 मीटर जास्त. दुसरी प्रत 4 चिप उशिरा आली, तिसरी 11 चिप. रेक म्हणजे दंताळं, आणि त्याचं प्रत्येक बोट म्हणजे सिग्नल कोडशी जुळवून पाहणारा एक कोरिलेटर: तोच कोड, फक्त आपापल्या वाटेच्या उशिराइतका मागे सरकवलेला. साध्या व्हॉइस कॉलला टॉवरकडून येताना एक सिम्बॉल 128 चिपवर पसरलेला असतो. बोटाने आपल्या प्रतीच्या 128 चिप जुळवल्या की बेरीज 128 येते. चुकीच्या वेळेच्या प्रतीची बेरीज मात्र अधिक-उणे होत सरासरी 11 च्या आसपास राहते, कारण कोड सरकला की तो स्वतःशीच जुळत नाही. म्हणून बाकीच्या प्रती त्या बोटाला हलक्या नॉइजसारख्या भासतात.

आता बोटांची उत्तरं एकत्र करायची. लोक इथेच चुकतात. वरच्या तीन प्रतींचा ॲम्प्लिट्यूड 1, 0.7 आणि 0.4 धरा आणि फेज 0, 180 व 90 अंश. तशीच बेरीज केली तर 1 मधून 0.7 वजा होतो, 0.4 काटकोनात उरतो, आणि हाती येतो 0.5. एकट्या पहिल्या बोटाच्या निम्मा, शिवाय नॉइज तिघांचा. म्हणून आधी पायलट चॅनेलवरच्या ठरलेल्या सिग्नलवरून प्रत्येक वाटेचा `h`, म्हणजे तिचा ॲम्प्लिट्यूड आणि फेज सांगणारा कॉम्प्लेक्स आकडा, मोजतात आणि बोटाच्या उत्तराला, म्हणजे `z` ला, त्याच्या कॉन्ज्युगेटने गुणतात:

```
y = Σ conj(h[k]) * z[k]
```

यामुळे फेज सरळ होतात आणि दमदार बोटाला जास्त वजन मिळतं. सिग्नल-नॉइज गुणोत्तर मग 1 + 0.49 + 0.16 = 1.65 होतं (एकट्या पहिल्या बोटाचं 1 धरून). म्हणजे जेमतेम 2 डेसिबलचा फायदा. खरी कमाई पुढे आहे. पहिली वाट फेडिंगमध्ये 0.2 पर्यंत पडली, तर एकट्या तिचं गुणोत्तर 0.04 उरतं; तिन्ही मिळून 0.69, म्हणजे 17 पट. कॉल तुटायचा वाचतो तो अशा क्षणी.

ताशी 60 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत फोन सेकंदाला 17 मीटर सरकतो. वाटेचा उशीर एका चिपने बदलायला त्यामुळे काही सेकंद लागतात. पण 2.1 गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम 14 सेंटिमीटर, त्यामुळे फेज काही मिलिसेकंदांत उलटतो. वाटा शोधणारा सर्चर निवांत चालला तरी चालतं, `h` मात्र सतत ताजा ठेवावा लागतो.

मी मॉडेमच्या चाचणीवर काम करायचो तेव्हा एका बिघाडाने आम्हाला दोन दिवस घेतले. मोजलेलं गुणोत्तर 3 डेसिबलने सुधारलेलं दिसायचं, पण बिट-चुका तसूभरही कमी होत नव्हत्या. बोटांचे ऑफसेट शेजारी छापून पाहिले: दोन बोटं सरकत सरकत एकाच शिखरावर येऊन बसली होती. सिग्नल दोनदा मोजला जात होता, पण नॉइजही तोच दोनदा. फायदा शून्य, आकडा मात्र दुप्पट. प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये तर असा फुगलेला आकडा पाहून फोन टॉवरला ताकद कमी करायला सांगतो, आणि चुका वाढतात. दोन बोटांमध्ये किमान एक चिप अंतर राखायचा नियम घातला, तेव्हा आकडा आणि चुका पुन्हा जुळल्या.

दंताळ्याला जास्त दात लावले म्हणून जास्त गवत येतं असं नाही. नुसत्या नॉइजवर बसलेल्या बोटाचा `h` हाही नॉइजच असतो, आणि ते बोट बेरजेत कचराच घालतं. म्हणून ठरावीक उंचीखालचं शिखर सोडून देतात.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते इथे: बाकीच्या प्रती दाबल्या जातात, नाहीशा होत नाहीत. व्हॉइसला 128 चिपमुळे सुमारे 21 डेसिबलचा आधार मिळतो. वेगवान डेटासाठीच्या एचएसडीपीएमध्ये सिम्बॉल फक्त 16 चिपचा, आधार 12 डेसिबल. त्यात एकाच टॉवरचे वेगवेगळे कोड एकमेकांना छेद देत नाहीत ते फक्त वेळ जुळलेली असेपर्यंत. उशिरा आलेली प्रत ती जुळणी मोडते. जवळ टॉवर, भरपूर सिग्नल, तरी वेग वाढत नाही, अशी स्थिती साध्या रेकवर येते ती यामुळेच. त्यासाठी एचएसडीपीएच्या फोनमध्ये पुढे चिप पातळीचा इक्वलायझर आला, जो वाटा वेगळ्या मोजून जोडण्याऐवजी आधी वाटांचा परिणामच जमेल तितका उलटवतो आणि मग कोड सोडवतो.