बुद्धगयेवरच्या पेपरला मिळालेले अकरा गुण

प्रश्न: एम.ए.ला ‘धर्म आणि राजकारण’ विषयात वादग्रस्त पवित्र स्थळावर पेपर लिहायचा आहे. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की लेखन तटस्थ होतं का?

नाही होत. माझ्या मार्गदर्शक सरांचं मत याच्या उलट होतं आणि त्यापायी माझ्या पेपरला वीसपैकी अकरा गुण मिळाले. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘लेखिका पक्षकार आहे.’ या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं पुन्हा वर आलं.

माझा विषय बुद्धगयेचं महाबोधी विहार होता. आम्ही नागपूरचे बौद्ध. पेपर लिहायच्या आधी आईला घेऊन मी तिथे गेले. गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर जमिनीत शिवलिंग आहे. ते पाहून आई एकदम गप्प झाली. बाहेर अंगणात एक छोटं देऊळ आहे, तिथल्या मूर्ती पाच पांडवांच्या म्हणून दाखवतात. अभ्यासकांनी त्या बौद्ध मूर्ती म्हणून ओळखल्या आहेत. आईला अभ्यासकांची गरजच पडली नाही. ती मला म्हणाली, “अगं, हे आपलेच आहेत ना?” मला राग आला होता आणि त्याच रागात मी पेपरचा पहिला खर्डा तिथल्या धर्मशाळेत लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी बोधिवृक्षापाशी साताऱ्याकडचं एक कुटुंब भेटलं. वडिलांचे पिंड द्यायला आले होते. मी जरा कडक आवाजातच विचारलं, इथे कशाला? त्यातले काका शांतपणे म्हणाले, “ताई, आमच्या आजोबांनीबी हितंच दिलं होतं.” त्यांना कुठलाही दावा सांगायचा नव्हता. गयेच्या श्राद्धविधीत या वृक्षालाही जागा आहे, गयामाहात्म्यात त्याचा उल्लेख आहे, आणि ते घरचा रिवाज पाळत होते. मी पहिला खर्डा फाडला.

मग मी असं ठरवलं की ‘हिंदूंचा दावा’ आणि ‘बौद्धांचा दावा’ अशा दोन पेट्या करायच्याच नाहीत. त्यात चार वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत: जागा मुळात कोणाची, तिथे पूजा कोणी केली, ताबा कोणाकडे होता आणि आज कारभार कोणी पाहावा. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे.

पहिल्या प्रश्नात बाजूच दोन नाहीत. अशोकापासून हे बौद्ध स्थळ आहे, आजची विटांची वास्तू साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली, आणि सातव्या शतकात ह्युएन त्संगनं तिचं वर्णन केलं आहे. इथे ‘दुसऱ्या बाजूला’ अर्धं पान देणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे.

दुसरा प्रश्न मात्र आमच्या बाजूच्या लोकांना बोचतो. पालराजा धर्मपालाच्या 26व्या राज्यवर्षाचा, म्हणजे इ.स. 800च्या आसपासचा, एक शिलालेख तिथे सापडला आहे. केशव नावाच्या माणसानं, एका शिल्पकाराच्या मुलानं, महाबोधीत राहणाऱ्यांच्या भल्यासाठी चतुर्मुख महादेव बसवला आणि 3000 द्रम्म खर्चून तळं खोदलं. म्हणजे विहार भरभराटीत असतानाही आवारात शिव होता. माझा मामेभाऊ चळवळीतला. तो म्हणाला, “हे कशाला लिहितेस? त्यांच्या हातात कोलीत देतेस.” मी ते मुख्य मजकुरातच लिहिलं. पण त्या लेखाची मर्यादाही लिहिली: महादेव बसवला याचा अर्थ विहार शैवांचं झालं असा होत नाही. तिबेटी भिक्खू धर्मस्वामी 1234च्या सुमारास आला, तेव्हा मूर्तीसमोरचं दार विटांनी बुजवलेलं होतं आणि परक्यांपासून मूर्ती वाचावी म्हणून गिलाव्यावर महेश्वराचं चित्र काढलेलं होतं. ते चित्र तेवढं पुढे टिकलं असतं, तर कोणीतरी त्यालाही दावा म्हटलं असतं. नुसती मूर्ती किंवा चित्र सापडलं म्हणून काही ठरत नाही, ते कोणी आणि कशासाठी ठेवलं हे कळावं लागतं.

ताब्याचा भाग सोपा आहे. 1590च्या सुमारास घमंडीगिरी नावाचे गोसावी तिथे आले आणि पुढे शैव महंतांचा मठ बसला. श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल 1891 साली आले. 1895च्या फेब्रुवारीत त्यांनी वरच्या मजल्यावर जपानहून आलेली बुद्धमूर्ती बसवायला घेतली, तेव्हा महंतांच्या माणसांनी ती काढली. फौजदारी खटला झाला, गयेत महंतांच्या माणसांना शिक्षा झाली आणि कलकत्ता उच्च न्यायालयानं ती रद्द केली. याला ‘महंतांचा दावा न्यायालयानं मान्य केला’ असं लिहिणारे खूप भेटतील. तसं लिहू नका. प्रश्न गुन्हा घडला का एवढाच होता, विहार मुळात कोणाचं याचा निवाडा त्या खटल्यानं केला नाही.

सरांशी खरं वाजलं ते चौथ्या प्रश्नावर. 1949च्या बोधगया मंदिर कायद्यानं समिती नेमली: चार हिंदू, चार बौद्ध, हिंदूंमध्ये महंत धरून, आणि अध्यक्ष गयेचे जिल्हाधिकारी. सर म्हणाले, “बघ, चार-चार. यापेक्षा तटस्थ काय असतं?” मी म्हटलं, सर, जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर राज्य सरकारनं हिंदू अध्यक्ष नेमावा अशी तरतूद त्याच कलमात होती. ती 2013 साली निघाली, तोवर पारडं पाच-चार राहील याची सोय कायद्यातच होती. वरून सारखं दिसणारं वाटप आत काय करतं, हे तपासणं म्हणजे विश्लेषण. सरांना ते पक्षपाती वाटलं. मला आजही वाटत नाही.

त्याच कायद्याचं कलम 11 हिंदूंना आणि बौद्धांना पूजेसाठी वा पिंडदानासाठी प्रवेशाचा हक्क देतं. म्हणजे साताऱ्याच्या काकांचा हक्क आणि समितीतल्या जागा हे दोन वेगळे मुद्दे आहेत. कारभार उद्या पूर्ण बौद्धांकडे गेला तरी तो प्रवेश ठेवता येईल. हे मी पेपरात लिहिलं होतं आणि माझ्या दृष्टीनं तोच त्यातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद होता. त्यावर सरांची एकही खूण नव्हती.

तुम्ही दुसरं स्थळ घेतलंत तर हे चार प्रश्न असेच बसतील असं नाही. अयोध्येत पहिल्याच प्रश्नावर पुरातत्त्वाचा वाद आहे, तिथे माझ्यासारखं ‘बाजूच दोन नाहीत’ म्हणता येणार नाही. आणि हेही सांगायला हवं: 2025 साली विहाराचा कारभार बौद्धांकडे द्या म्हणून उपोषणं झाली, तेव्हा नागपुरातल्या धरण्यात मीही बसले होते. त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नका, कायदा छोटा आहे, कलम 3 आणि 11 स्वतः वाचा.

समासात कोणी ‘पक्षकार’ लिहिलं, तर त्यांना विचारा की पेपरातलं नेमकं कुठलं वाक्य चुकीचं आहे. मी तेव्हा विचारलं नव्हतं.