तुम्ही व्हेट आहात ना, कोणकोणती जनावरं बघता आणि काय काय करता? आमच्याकडे दोन एचएफ गाई आणि घरात एक लॅब्राडोर आहे

बीव्हीएससी अँड एएच, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे (हे कुठल्याही डॉक्टरला बिनधास्त विचारा, राग यायचं कारण नाही), तालुक्याच्या गावात पंधराएक वर्षं प्रॅक्टिस. गाई, म्हशी, बैल, शेळ्यामेंढ्या हे मुख्य काम, कुत्री मांजरं संध्याकाळी क्लिनिकवर. लसी, गोचीड ताप, पार्वो, नसबंदी एवढं करतो, पण कुत्र्याचं हाड मोडलं असेल आणि प्लेट टाकायची असेल तर सरळ शहरात पाठवतो. घोडे आणि पक्षी बघत नाही.

गोठ्यावर कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, अडलेली गाय सोडवणं, अडकलेली वार, कासदाह हे रोजचंच. पण तुमच्याकडे एचएफ आहेत म्हणून एक गोष्ट नीट सांगतो, दुग्धज्वर. मागच्या पावसाळ्यात एक कॉल आला, चौथं वेत, गाय संध्याकाळी व्यायली आणि सकाळी उठेना, मान वळवून कुशीला लावून बसलेली, कान गार, शेण नाही. मालक म्हणाले ताप असेल, थर्मामीटर लावला तर ९९, म्हणजे नॉर्मलपेक्षा कमीच! नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, चीक आणि दूध उतरताना रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं आणि स्नायू ढिले पडतात. घरच्यांनी गुळाचं पाणी नळीने पाजायची तयारी केली होती ते आधी थांबवलं, कारण अशा गाईला गिळता येत नाही, पाणी फुफ्फुसात गेलं की गाय त्यानेच जाते.

मग कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली कोमट करून शिरेतून, हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेऊन, एका हाताने स्टेथोस्कोप छातीवर धरून. भरभर सोडलं तर हृदय बंद पडू शकतं, त्यामुळे ठोके बिघडले की सलाईन लगेच थांबवायचं, आणि म्हणूनच मेडिकलमधून बाटली आणून कुणाकडूनही लावून घेऊ नका. बाटली संपता संपता गाईने ढेकर दिला, नाकपुडीवर घाम आला, शेण टाकलं आणि थोड्या वेळाने उठली. पहिला दिवस दूध पूर्ण पिळू नका म्हणून सांगून आलो, काही गाई दुसऱ्या दिवशी परत बसतात, तेव्हा परत बोलवायचं.

अडलेली किंवा बसलेली गाय असेल तर रात्री पण येतो, बाकी सकाळी. फोनवर फक्त एवढं सांगा, कितवं वेत, कधी व्यायली, रवंथ करते का, शेण कधी टाकलं आणि आधी कुणी काय औषध दिलंय का, शेवटचं लोक हमखास लपवतात. लॅब्राडोरचं लसीचं कार्ड घेऊन या, रेबीजची तारीख बघून सांगतो.