ड्युरेशन म्हणजे मुदत नव्हे

प्रश्न: दोन्ही बाँड दहा वर्षांचेच आहेत, तरी झीरो कूपनपुढे ड्युरेशन १० वर्षं आणि कूपनवाल्यापुढे ७.५ वर्षं असं लिहिलंय. ड्युरेशन म्हणजे मुदतच ना? आणि यील्ड बदललं की झीरो जास्त हलतो म्हणतात, त्याचा या आकड्याशी काही संबंध आहे का?

संबंध आहे, सगळा खेळ तिथेच आहे. मुदत म्हणजे शेवटचा पैसा कधी येणार ती तारीख, बस. ड्युरेशन म्हणजे बाँडमधले पैसे सरासरी किती वर्षांनी हातात येतात ते, आणि ही सरासरी साधी नाही, ज्या रकमेची आजची किंमत जास्त तिचं वजन जास्त. फ्रेडरिक मॅकॉले या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९३८ साली हा शब्द या अर्थाने वापरला, कारण नुसती मुदत सांगितली तर मधे येणाऱ्या पैशांचा हिशोबच राहत नाही ही त्याची अडचण होती. मराठीत काही जण 'कालावधी' लिहितात पण मग वाचणारा परत मुदतीवरच जातो, त्यामुळे मी तरी ड्युरेशनच ठेवतो.

आता आकडे घेऊ, त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

झीरो कूपन बाँडची किंमत काढणं सगळ्यात सोपं, कारण त्यात मधे काही मिळतच नाही, दहा वर्षांनी एकदाच १०० मिळणार. यील्ड ७ टक्के आणि व्याज वर्षातून एकदा धरायचं, तर १.०७ ला स्वतःनेच गुणत दहावा घात काढायचा, तो येतो १.९६७, आणि १०० ला त्याने भागायचं. उत्तर ५०.८३. म्हणजे आज ५०.८३ दिले तर ते ७ टक्क्यांनी वाढत वाढत दहा वर्षांनी बरोबर १०० होतात. (एक सांगून ठेवतो, तुमचं उत्तर ५०.२६ येत असेल तर गणित चुकलं नाहीये, तुमच्या कॅल्क्युलेटरने व्याज सहामाही धरलंय, म्हणजे ३.५ टक्के वीस वेळा. बऱ्याच बाजारांत यील्ड तसंच सांगतात, त्यामुळे तुलना करताना दोन्ही बाँडना एकच पद्धत लावा.)

दुसरा बाँड घेऊ, दहा वर्षांचाच, दर वर्षी ७ कूपन आणि शेवटी १०० मुद्दल. यील्ड ७ टक्केच, म्हणून किंमत बरोबर १००. पण हा खरं तर एक बाँड नाहीच, ही अकरा छोट्या झीरोंची मोळी आहे, दहा कूपनांचे दहा आणि मुद्दलाचा एक. मुद्दलाच्या झीरोची किंमत वर काढलीच आहे, ५०.८३. म्हणजे उरलेले ४९.१७ हे कूपनांचे. जवळपास निम्मी किंमत कूपनांत आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बहुतेकांना पटत नाही, कारण नुसतं बघितलं तर ७ आणि १०० यात केवढा फरक दिसतो.

यील्ड ७ वरून ८ झालं की या मोळीतली प्रत्येक काडी वेगवेगळी पडते. पहिलं कूपन एका वर्षात येणार, त्याची आजची किंमत ६.५४ होती ती ६.४८ झाली, एक टक्कासुद्धा पडली नाही, कारण वाढलेला दर त्याला एकदाच लागला. पाचव्या वर्षाचं कूपन ४.९९ वरून ४.७६ वर, साडेचार टक्क्यांच्या आसपास. आणि दहाव्या वर्षाच्या पैशाला तोच वाढीव दर दहा वेळा एकावर एक लागतो, म्हणून मुद्दलाचे ५०.८३ खाली येऊन ४६.३२ होतात, जवळजवळ ८.९ टक्के घट. पैसा जितका लांब तितका दर जास्त वेळा लागतो, कारण एवढंच आहे, यात झीरोची वेगळी जादू काही नाही.

बेरीज केली की कूपनवाला बाँड १०० वरून ९३.२९ वर येतो, म्हणजे ६.७१ टक्के घट, कारण जवळची कूपनं फारशी पडत नाहीत आणि सगळ्याची सरासरी वर ओढतात. झीरोकडे अशी जवळची कूपनंच नाहीत, त्याचा सगळा पैसा टोकाला, म्हणून त्याला ते ८.९ टक्के पूर्ण सोसावे लागतात.

आता ते ७.५ कुठून आलं ते बघा. मुद्दलाचे ५०.८३ दहा वर्षांनी येणार आणि कूपनांचे ४९.१७ सरासरी ४.९५ वर्षांनी (ही सरासरीसुद्धा आजच्या किमतीच्या वजनानेच काढलेली). दोन्ही गुणून बेरीज करा, १०० ने भागा, साडेसात वर्षं. झीरोत सरासरी काढायला एकच रक्कम आहे त्यामुळे ड्युरेशन आणि मुदत एकच, १०. तुमचा गोंधळ बहुधा इथूनच झालाय, झीरोमध्ये हे दोन शब्द एकाच आकड्यावर येतात.

हाच आकडा वर्षांत मोजलेला असूनही किमतीची हालचाल सांगतो. त्याला १.०७ ने भागलं की मॉडिफाइड ड्युरेशन मिळतं, झीरोचं ९.३५ आणि कूपनवाल्याचं ७.०२, आणि ते असं वाचायचं की यील्ड एक टक्का हललं तर किंमत साधारण इतके टक्के उलट दिशेला जाईल. मात्र प्रत्यक्षात घट ८.९ आणि ६.७ आली, ९.३५ आणि ७.०२ नाही, कारण किंमत आणि यील्डचा आलेख सरळ रेषेत नाही, वाकलेला आहे. यील्ड उलट ६ टक्क्यांवर गेलं असतं तर झीरो ९.८५ टक्के वर गेला असता, म्हणजे पडला त्यापेक्षा जास्त. ०.१ टक्क्याच्या बदलाला ड्युरेशनचा अंदाज चोख बसतो, मोठ्या बदलाला तो नुसता अंदाज समजायचा.

एका ठिकाणी बरेच जण अडकतात. वरचे आकडे परत बघा, झीरो ५०.८३ वरून ४६.३२ म्हणजे ४.५१ ने पडला आणि कूपनवाला ६.७१ ने! मग जास्त कोण हलला? एकेका बाँडमागे बघाल तर कूपनवालाच, कारण त्याची किंमतच जवळजवळ दुप्पट आहे. 'झीरो जास्त हलतो' हे वाक्य टक्केवारीचं आहे, तितकेच पैसे गुंतवले तर काय होतं त्याबद्दलचं. १०० गुंतवून झीरो घेतलेत तर साधारण १.९७ बाँड येतील आणि ते ९१.१२ वर येतील, कूपनवाले १०० मात्र ९३.२९ वर थांबतील.

आणि ते वाक्य मुदत आणि यील्ड सारखं असतानाचंच आहे, ते सोडून बोललं की उलटं होऊ शकतं. पाच वर्षांच्या झीरोचं ड्युरेशन पाचच, म्हणजे तो आपल्या दहा वर्षांच्या कूपनवाल्यापेक्षा कमी हलेल. साडेसात वर्षांचा झीरो घेतलात तर यील्डच्या छोट्या बदलाला तो जवळजवळ त्याच्याइतकाच हलेल, आणि कागदावर बघाल तर दोघांच्या मुदतीत अडीच वर्षांचा फरक.