पंचविशीतला पुतण्या आणि त्रेपन्नचे काका, दोघंही जिनिंगमधे: म्हातारपणाची तजवीज कोणी कशी करावी?

"मी 25 वर्षांचा, काका 53. दोघंही एकाच जिनिंगमधे सीझनवर, पगारातून पीएफ कापते. काकांचा पीएफ 2020 पासून, माझा यंदापासून. जूनमधे पेरणीसाठी सगळा उचलून घ्यावा असं घरी ठरते आहे. उचलावा का?"

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधे मी बरीच वर्षं हजेरी-पगार पाहिला. दर जूनला हाच प्रश्न टेबलावर यायचा.

आधी काकांचं. त्यांना पैशापेक्षा वर्षं कमी पडू शकतात. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या 8.33 टक्के पेन्शन खात्यात जातात, आणि महिन्याची पेन्शन लागायला 10 वर्षांची सेवा लागते. कापसाचा सीझन चार-पाच महिन्यांचा, म्हणून लोकांना वाटते की आपली दहा वर्षं कधीच भरणार नाहीत. पण हंगामी कारखान्यातलं वर्ष, काम थोडेच महिने झालं तरी, पेन्शनसाठी पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे काकांचे सहा झाले, 58 पर्यंत अकरा होतील. पगार 12,000 धरा: 12,000 गुणिले 11, भागिले 70, म्हणजे महिन्याला साधारण 1,886 रुपये. मोठी रक्कम नाही, पण काकांच्या पश्चात काकूंनाही काही पेन्शन मिळते.

आता त्यांनी फॉर्म 10-सी भरून पेन्शनचा पैसा उचलला, तर ती सहा वर्षं पुसली जातात. मग 58 पर्यंत पाचच उरतात आणि पेन्शन गेलीच. पेरणीला फारच नड असेल तर पीएफच्या हिश्श्यातून उचल घ्या, पेन्शनला हात नको.

काकांनी याच महिन्यात सेवेची नोंद तपासावी. पीएफच्या पोर्टलवर `Service History` उघडा. आमच्याकडे एका ठेकेदाराने दर सीझनला काही मजुरांचा नवाच यूएएन काढला होता. एकाच माणसाचे तीन नंबर, वर्षं तिन्हीकडे विखुरलेली. असं दिसलं तर जुने नंबर आत्ताच चालू नंबरात जोडून घ्या. आधार आणि पीएफमधली जन्मतारीख जुळते का तेही पहा. 57 व्या वर्षी हे निस्तरायला गेलं की फार फेऱ्या होतात.

तुझं गणित निराळं. 33 वर्षं हातात आहेत, 20 वर्षांच्या वर सेवा झाली की दोन वर्षं जास्तीची मिळतात. 15,000 च्या मर्यादेवर हिशेब केला तर 35 भागिले 70, म्हणजे निम्मा पगार, 7,500. पण आज 7,500 मधे घर चालते का? तेव्हा तर किराणाही भागणार नाही. म्हणून तुझी खरी ठेव पीएफचा हिस्सा, त्यावर व्याजावर व्याज चढते. कारखाना बदलला तर तो ट्रान्सफर कर, काढू नको.

शिवाय अटल पेन्शन 40 पर्यंतच उघडते, काकांना तो दरवाजा बंद. तुला 60 नंतर महिना 5,000 हवे असतील तर आज 376 रुपये महिना. पाच वर्षं थांबलास तर 577.

पेरणीचा खर्च मात्र पीक कर्जातून भागवा. बँकेत त्यासाठी सातबारा घेऊन मेमधेच जा.