चॅटमधला एक पूर्णविराम मराठीत कसा आणावा?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात दोन मैत्रिणींच्या चॅटचा स्क्रीनशॉट मराठीत छापायचा आहे. मूळ मजकूर रोमन अक्षरांत आहे, त्यात कोकणी, मराठी, अर्धवट शब्द आणि इमोजी असे सगळे मिसळलेले आहे. शुद्ध मराठी केले तर त्यातला जीव जातो, तसेच ठेवले तर वाचता येत नाही. विशेषतः शेवटचे `k.` कसे लिहावे? (फोंडा)

उत्तर: आपण पाठविलेल्या स्क्रीनशॉटमधील ज्या सहा ओळींवर सारा प्रश्न उभा आहे, त्या आधी जशाच्या तशा उतरवून घेऊ.

```
डावी   10:42  faleam tum yeta mugo?
डावी   10:42  aai pn vicharta
उजवी  11:58  srry ga nhi jamnar 😭
उजवी  11:58  ofc madhe kam ahe
डावी   12:03  k.
डावी   12:03  🙂
```

उजवीकडच्या ओळी ज्या मैत्रिणीच्या फोनवरून चित्र घेतले तिच्या असतात. घाईत अनुवाद करणारा पुष्कळदा उजवी बाजू म्हणजे बोलणे सुरू करणारी असे धरून चालतो आणि मग बोलावणारी कोण व नाही म्हणणारी कोण याचीच उलटापालट होते. येथे डावीकडची मैत्रीण बोलावते आहे आणि फोनची मालकीण नकार देते आहे. वेळाही उतरवून घ्याव्यात, कारण 10:42 च्या प्रश्नाला 11:58 ला उत्तर आले आहे, आणि हा एक तास सोळा मिनिटांचा खंड `k.` समजण्यासाठी शब्दांइतकाच लागतो. त्याच कारणाने दोन वेगळ्या ओळी जोडून एक वाक्य करू नये. ‘आई पण विचारतेय’ ही ओळ वेगळी पाठविली आहे, म्हणजे प्रश्न विचारून झाल्यावर तो थोडा अधिक आग्रहाचा करावा असे तिला वाटले आहे.

आता पहिली ओळ. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापरालाही त्यात स्थान मिळाले, तरी फोनवर मात्र बहुतेक कोकणी रोमन अक्षरांतच लिहिली जाते, आणि त्या लेखनाला स्वतःची जुनी वळणे आहेत. शब्दाच्या शेवटचा `m` बहुधा ओठ मिटून म्हणायचा नसतो, तो केवळ स्वर नाकातून उच्चारायचा आहे एवढेच सांगतो. म्हणून `faleam` म्हणजे ‘फाल्यां’, अर्थात उद्या, आणि `tum` म्हणजे ‘तूं’. या दुसऱ्या शब्दाकडे मी आवर्जून लक्ष वेधतो. ज्याच्या कानाला हिंदीची सवय आहे तो त्याला ‘तुम’ समजतो, मराठीत ‘तुम्ही’ लिहितो, आणि एकमेकींना अरे-तुरे करणाऱ्या मैत्रिणी एका अक्षरामुळे परक्या होऊन बसतात.

याच ओळीत एक अडचण मराठीच्या बाजूने येते. कोकणीतील ‘येता’ या रूपावरून ज्याला उद्देशून बोलणे चालले आहे तो पुरुष की स्त्री हे कळत नाही, पण मराठीत ‘येतोस’ किंवा ‘येतेस’ यांपैकी एक निवडावेच लागते. उत्तर त्या ओळीतच आहे: ‘मुगो’. कोकणीतला ‘मू’ हा आपल्या ‘ना’सारखा होकाराची अपेक्षा धरून येतो, आणि त्याला जोडलेला ‘गो’ स्त्रीला उद्देशून असतो. पुरुष असता तर ‘मुरे’ आले असते. म्हणून ‘उद्या येतेस ना गं?’ हा नेमका अनुवाद होईल. ‘उद्या येणार आहेस का?’ असे केले तर माहिती तीच राहते, पण ‘येणारच आहेस’ हा त्यातला गृहीत विश्वास जातो, आणि तो गेला की पुढचा रुसवाही निराधार होतो.

अंक गोव्यातील वाचकांसाठी असल्याने ‘उद्या येतेस मुगो?’ असे ठेवावे काय, हाही विचार मी केला. मला ते आवडले असते, कारण पहिली मैत्रीण कोकणीतून आणि दुसरी मराठीतून बोलते हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव आहे, आणि दोघींना एकाच मराठीत बसविल्यावर तो पुसला जातो. मात्र चित्रातील वरच्या ओळी पाहिल्या, तर दुसरी मैत्रीण पहिल्यापासून मराठीतूनच लिहिते आहे असे दिसते. म्हणजे मराठीतून उत्तर देणे हा येथे दुरावा नाही, केवळ तिची सवय आहे, आणि ती गमावल्याने या प्रसंगाचा अर्थ बदलत नाही. तिने एरवी कोकणीतून लिहिले असते आणि याच उत्तराला मराठीचा आधार घेतला असता, तर मी ‘मुगो’ नक्की ठेवले असते.

अर्धवट शब्दांविषयी बोलताना त्यांचे दोन प्रकार वेगळे काढावेत. `pn`, `nhi`, `srry` ही केवळ बोटांची घाई आहे, त्यांत कोणताही भाव नाही. रोमन लिपीत स्वर गाळला तरी उरलेल्या व्यंजनांवरून शब्द ओळखू येतो. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षरात ‘अ’ आधीच असतो आणि इतर स्वर मात्रेने लागतात, त्यामुळे गाळल्यासारखे दाखवायला ‘न्ही’ किंवा ‘स्री’ असे काही लिहिले की वाचक अडखळतो, आणि अडखळणे हा तर त्या संभाषणाचा गुण नव्हे. तेथील सैलपणा लेखनातून काढून बोलीच्या रूपांत ठेवावा: ‘विचारत आहे’ऐवजी ‘विचारतेय’, ‘ग’ऐवजी ‘गं’, ‘जमणार नाही’ऐवजी ‘नाही जमणार’. शब्द पूर्ण राहतात आणि बोलणे मोकळे राहते. `srry` चे ‘क्षमस्व’ करू नये; मैत्रिणी ‘सॉरी’ म्हणतात, ते देवनागरीत लिहावे.

`ofc` या तीन अक्षरांपाशी थांबणे भाग आहे. इंग्रजी चॅटमध्ये त्यांचा रूढ अर्थ ‘अर्थातच’ असा आहे, पण आपल्याकडे ‘ऑफिस’साठीही तीच लिहिली जातात. येथे लगेच ‘मध्ये’ आले आहे, म्हणून ते ऑफिसच. त्या जागी ‘येतेच’ किंवा ‘हो’ असे काही असते, तर ‘अर्थातच’ हा अर्थ घ्यावा लागला असता. शेजारच्या शब्दावरून निर्णय होत नसेल, तर त्याच व्यक्तीच्या इतर ओळींत ती अक्षरे कशी आली आहेत ते शोधावे.

दुसरा प्रकार म्हणजे `k.`, आणि तो घाईचा नाही. याची खूण सोपी आहे. ती मैत्रीण एरवी होकार कसा देते, हे त्याच चित्रात पाहावे. वरच्या भागात तिने दोनदा `kk` लिहिले आहे, आणि चॅटच्या सवयीत ते `kk` मोकळे, आनंदी ‘हो हो’ असते. येथे एक अक्षर कमी झाले आणि एक बिंदू वाढला. हा बिंदू टंकण्यासाठी एक जादा बोट टेकवावे लागते, म्हणजे तो निष्काळजीपणाने आलेला नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांनी 126 विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2015 च्या अखेरीस चर्चेत आला होता. त्यात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर तो फोनवरील संदेश वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचा वाटला, पण तीच उत्तरे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिली तेव्हा असा फरक आढळला नाही. म्हणजे कोरडेपणा त्या चिन्हात मुळापासून नाही. जेथे वाक्य संपविण्यासाठी त्याची गरज उरलेली नाही, तेथे तो मुद्दाम आला की बोलू लागतो.

मराठीत या जागी मी ‘बरं.’ सुचवतो. ‘ठीक आहे.’ हे लांब आहे आणि त्यात समजूतदारपणा येतो, ‘ओके.’ फारच सपाट आहे, आणि ‘क.’ तर कोणालाही कळणार नाही. ‘बरं’ या एका शब्दाला आपल्या घरांत दोन्ही सूर आहेत: ‘बरं बरं’ म्हणजे आनंदाने मान्य, आणि एकटे, तुटक ‘बरं’ म्हणजे विषय संपला. त्यामुळे वरचे `kk` ‘बरं बरं’ केले, तर खालच्या ‘बरं.’मध्ये मूळचीच घट वाचकाला ऐकू येते.

मात्र यासाठी एक अट फार काटेकोरपणे पाळावी लागेल. इतर कोणत्याही ओळीच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये. प्रमाणलेखनाची सवय असलेल्या हाताला हे जड जाते. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी असाच संवाद मराठीत आणला होता, आणि मुद्रितशोधनात कोणीतरी प्रेमाने प्रत्येक ओळीला पूर्णविराम देऊन टाकला. एकही शब्द बदलला नव्हता, तरी रुसलेली मुलगी शांतपणे होकार देणारी झाली होती आणि पुढचे भांडण कोठून आले, हे वाचकाला कळेना. म्हणून मजकुरासोबत मुद्रितशोधकासाठी स्पष्ट सूचना द्या की विरामचिन्हे मूळाप्रमाणे आहेत, ती दुरुस्त करू नयेत.

इमोजींचे शब्द करू नयेत आणि त्यांची जागाही हलवू नये. 😭 चे अधिकृत नाव मोठ्याने रडणारा चेहरा असे असले, तरी तरुण मंडळी ते हसू अनावर झाल्यावरही वापरतात, म्हणून त्याचा अर्थ चेहऱ्यावरून नव्हे, तर शेजारच्या ओळीवरून ठरतो. येथे ते ‘नाही जमणार’च्या मागे आहे, म्हणून हळहळ आहे, पण लाडिक, वाढवून सांगितलेली. त्यासाठी ‘खूप वाईट वाटतंय’ असे शब्द घातले, तर ती हळहळ फारच गंभीर होते. शेवटचे 🙂 याच्या उलट आहे. ते ‘बरं.’नंतर वेगळ्या ओळीत आले आहे. त्याच ओळीत असते तर त्याने शब्द मऊ केला असता, सुटे आल्याने ते दार हळूच लोटून घेतल्यासारखे आहे. म्हणून छापतानाही ते स्वतंत्र ओळीतच हवे.

सहा ओळी अशा होतील:

```
10:42  उद्या येतेस ना गं?
10:42  आई पण विचारतेय
11:58  सॉरी गं नाही जमणार 😭
11:58  ऑफिसमध्ये काम आहे
12:03  बरं.
12:03  🙂
```

अंक काळ्या-पांढऱ्या छपाईत निघणार असेल, तर लहान आकारात 😭 आणि 🙂 दोन्ही करड्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि शेवटची ओळ रिकामी वाटते. तसे असल्यास इमोजी मजकुरापेक्षा थोडे मोठे घ्या, किंवा रेषांनी काढलेले चेहरे वापरा, आणि एक पान आधी छापून पाहा. तेही साधत नसेल, तरच त्या ओळीत तिरक्या अक्षरांत ‘ओठ मिटून हसरा चेहरा’ असे लिहा. ‘रागाचे हसू’ असे लिहू नका, कारण तो राग ओळखण्याचे काम दुसऱ्या मैत्रिणीला जसे करावे लागले, तसेच ते वाचकाकडे राहू द्यावे.