तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर गोड काय ठेवावं?

प्रश्न: भाऊबीजेला रात्री आमच्याकडे बारा माणसं जेवायला आहेत. सुकं मटण, तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी आणि भात असा बेत आहे. शेवटी गोड काय ठेवू? मी गुलाबजाम ठरवले होते, पण सासूबाई म्हणतात जड होतील.

उत्तर:

सासूबाईंचं ऐका. गुलाबजाम दुसऱ्या एखाद्या दिवशी करा आणि भाऊबीजेला पियूष ठेवा. पियूष म्हणजे थोडक्यात ताकात सैल केलेलं श्रीखंड. केशर, वेलची आणि जायफळाचा वास, चमच्याने खाण्यापेक्षा घोट घेत प्यायचं. आमच्याकडे कोल्हापुरात मटणाच्या जेवणावर मी बासुंदी, गुलाबजाम, आइस्क्रीम, फ्रूट सॅलड सगळं ठेवून पाहिलं आहे. लोक ज्याचा दुसरा पेला मागतात ते हे एकच.

कारण तिखटातच आहे. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र चांगलं विरघळतं. तांबड्या रश्श्यावरचा लाल तवंग म्हणूनच सगळ्यात झणझणीत लागतो. ठसका लागल्यावर पाणी प्यायलं तर गार वाटतं तेवढंच, घोट गेला की आग परत येते. दुधात-दह्यात केसीन नावाचं प्रथिन असतं, ते कॅप्सेसिनला धरून ठेवतं आणि जिभेवरून घेऊन जातं. दही टांगल्यावर निवळ पाणी गळून जातं, पण केसीन आणि स्निग्धांश चक्क्यात राहतात. त्यात साखर आली की जिभेची जळजळ आणखी कमी जाणवते. म्हणजे पियूषात तिखट उतरवणाऱ्या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, आणि ते गार असतं ही चौथी.

गार असणं किती महत्त्वाचं आहे ते मी अनुभवातून शिकले. तीन वर्षांपूर्वी अशाच जेवणानंतर मी गरम गुलाबजाम वाढले होते. नऊ वर्षांच्या भाच्याने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्सा खाताना तो एवढा कळवळला नव्हता. तोंडात ज्या जाणिवेने आपल्याला चटका कळतो, तिलाच मिरचीही डिवचते. मिरचीने ती आधीच जागी झालेली असली की एरवी नुसता कोमट वाटणारा पदार्थही पोळल्यासारखा लागतो. त्या रात्री चाळीस गुलाबजामांपैकी अठ्ठावीस उरले. म्हणून झणझणीत जेवणावर गरम शिरा, गरम हलवा, गरम जिलबी यांपैकी काहीही नको.

मग आइस्क्रीम का नको? त्याची अडचण मटणाच्या चरबीशी आहे. ही चरबी लवकर थिजते. गार झालेल्या रश्श्यावर पांढरा थर धरतो तो तुम्ही पाहिला असेलच. भाकरी-मटण संपल्या संपल्या बर्फासारखं गार काही तोंडात घातलं की टाळूला मेणचटपणा येतो आणि गोडाची चव त्याच्या खालीच राहते. त्यावर उपाय सोपा आहे. जेवणाचा शेवट गरम भात आणि गरम पांढऱ्या रश्श्याने होऊ द्या, नंतर हवं त्याला कोमट पाणी द्या आणि गोडाला वीस मिनिटं तरी थांबा. तेवढ्यात भाऊबीजेच्या ओवाळणीची पाकिटं उघडली जातात, पोरं फटाके उडवून येतात. पियूष फ्रीजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा. पेल्याला हात लावला की गार लागावं, पण दात शिवशिवू नयेत.

आणखी एक गोष्ट दिवाळीचीच आहे. भाऊबीज येईपर्यंत प्रत्येकाने चार दिवस करंज्या, चिरोटे, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू खाल्लेले असतात. तूप, मैदा आणि तळण यांना जीभ कंटाळलेली असते. त्यात मटणाच्या वाटणात सुकं खोबरं, तीळ, खसखस, पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध. इतक्या स्निग्ध जेवणावर पुन्हा तुपात तळलेलं गोड आलं की ते चांगलं असूनही नकोसं होतं. पियूषातला हलकासा आंबटपणा इथे कामी येतो. हलकासाच हवा, कारण चांगलंच आंबट झालं तर पोळलेल्या जिभेला तेही झोंबतं.

एक गोष्ट आधी घरात विचारून घ्या. बऱ्याच घरांत मोठी माणसं मटणावर दूध घेत नाहीत, विरुद्ध आहार मानतात. त्यांच्यासाठी बासुंदी आणि खीर आपोआप बाद होते. दह्या-ताकाला सहसा कुणी हरकत घेत नाही, कारण मटण मुरवायला दही आपण वापरतोच. तरी पाहुण्यांपैकी कुणी दहीही टाळत असेल तर त्यांच्यासाठी सीताफळं आणून ठेवा. दिवाळीत ती मिळतात आणि गार केलेल्या सीताफळाचा गर या जेवणावर फार छान लागतो.

आता बारा जणांचं प्रमाण. अडीच लिटर म्हशीचं दूध पाडव्याच्या आदल्या रात्री विरजा. पाडव्याला सकाळी दही लागलं की त्यातलं अर्धा लिटर ताकासाठी काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. उरलेलं दही स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांधा, चाळणीत ठेवा, खाली पातेलं ठेवा आणि तेही फ्रीजमध्येच ठेवा. नळाला किंवा खुंटीला टांगून दिवसभर बाहेर ठेवलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यात ते हमखास आंबतं. रात्रीपर्यंत साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळेल. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला की झाला. विकतचा चक्का घेणार असाल तर दुकानातच चाखून घ्या.

पाडव्याला रात्री चक्क्यात पाव किलो पिठीसाखर कालवून ठेवा. साखर घरीच मिक्सरमध्ये दळा, कारण विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी मक्याचं पीठ असतं आणि त्याने पियूषाला पिठूळ चव येते. भाऊबीजेला सकाळी हे मिश्रण पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. हा टप्पा वगळू नका. श्रीखंडात एखादी गुठळी खपून जाते, पिताना मात्र ती घशाशी लागते. मग बाजूला ठेवलेल्या दह्यात ४०० मिली थंड पाणी घालून रवीने घुसळा आणि हे ताक श्रीखंडात थोडं थोडं ओतत हाताने फेटा. दोन चमचे कोमट दुधात भिजवलेलं चिमूटभर केशर, अर्धा चमचा वेलची पूड, पाव चमचा जायफळ आणि दोन चिमटी मीठ घाला. मिठाने गोडी उठून येते. सुंठ किंवा मिरे कुणी सुचवले तरी घालू नका, ते दोन्ही जिभेला पुन्हा पेटवतात.

हे सगळं मिळून बारा पेले होतं, प्रत्येकी सुमारे १४० मिली. त्याहून मोठा पेला भरू नका. पळी बुडवून काढल्यावर तिच्या पाठीवर पातळ साय धरल्यासारखा थर राहावा आणि बाकीचं सरळ धारेने गळावं, इतपत सैल हवं. दुपारभर फ्रीजमध्ये राहिलं की ते परत दाटतं, म्हणून सकाळी थोडं जास्तच पातळ वाटलं तर घाबरू नका. साखरही सकाळी किंचित जास्त वाटेल. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे चव घेऊन लगेच ताक वाढवायला जाऊ नका. अर्धी वाटी फ्रीजमध्ये गार करून मगच ठरवा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, मिक्सरमध्ये फेटल्यावर. म्हशीच्या दुधाच्या चक्क्यात लोणी भरपूर, मिक्सर मिनिटभर जास्त फिरला की लोण्याचे रवे वर तरंगतात आणि खाली पाणचट ताक उरतं. असं झालं तर ते गाळून लोणी काढून टाका आणि थोडा चक्का शिल्लक असेल तर हाताने मिसळून दाटपणा परत आणा. दुसरं म्हणजे आंबट चक्का. तो ओळखायला चक्का चाखायचीही गरज नाही, खाली गळलेलं पाणी चाखा. ते नुसतं आंबूस असेल तर चालेल, दात आंबले तर चक्काही तसाच आहे. अशा वेळी लोक साखर वाढवतात आणि आंबटगोड पाक तयार होतो. साखर आहे तेवढीच ठेवा आणि ताकाच्या जागी उकळून गार केलेलं साय न काढलेलं दूध घाला. दूध न घेणारी मंडळी असतील तर त्यांना तेवढं आधी सांगा.

मधुमेह असलेल्यांसाठी साखर घालण्याआधी मूठभर चक्का बाजूला काढून ठेवा. त्याच ताकात सैल करून केशर-वेलची घातली की त्यांचाही पेला तयार होतो. तिखट उतरवायला साखर नसली तरी केसीन पुरतं.

आणि तुमचा बेत ऐन वेळी बदलला, तांबड्या-पांढऱ्याऐवजी काजू आणि मलईच्या दाट रश्श्यातलं काही करायचं ठरलं, तर मात्र पियूष नको. जेवणातच दुधाचे पदार्थ भरपूर झालेले असतील, तिखटही फारसं नसेल. तिथे डाळिंबाचे दाणे आणि मोसंबीच्या सोललेल्या फोडी गार करून वाटीत द्या.